ताळा

बँकेत असताना संध्याकाळी रोकड जुळली नाही तर आमच्यापैकी कोणी घरी जात नसे. फरक सापडेपर्यंत प्रत्येक व्हाउचर पुन्हा हातात घ्यायचं. जुन्या हेडकॅशियरांनी मला पहिल्याच वर्षी एक युक्ती शिकवली होती. आलेला फरक नऊने भागून बघायचा. निःशेष भागला गेला, तर बहुतेक कुठेतरी आकडे उलटे पडलेले असतात, त्रेसष्टचे छत्तीस झालेले असतात. १९८२ ते २०१९ मी हेच काम केलं. आधी हाताने लिहायच्या लेजरवर, मग संगणकावर. पण स्वतःच्या शरीराचा असा ताळा मी कधी घेतला नव्हता. तो घ्यायला मला माझ्या नातीने शिकवलं, तेव्हा ती अकरावीत होती.

नोकरीत माझं काम खुर्चीवरचं. सकाळी दहाला बसायचं, दोनला डबा, पुन्हा बसायचं. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. निवृत्तीनंतर खुर्ची घरची झाली, एवढाच फरक. चहा पाचच राहिले, आणि डबा जाऊन गरम जेवण आलं म्हणून दोन घास वाढले. बुऱ्हाणपुरात सकाळचं खाणं म्हणजे पोहे आणि जलेबी, तेही चालूच होतं. रात्री तीनदा उठावं लागायचं, ते मी वयावर ढकललं. पायाच्या अंगठ्याजवळची छोटी जखम महिनाभर भरेना तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. २०२३ ची दिवाळी नुकतीच झाली होती. उपाशीपोटी साखर १७४, जेवणानंतर २६८, आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी ८.६. त्याच्या सात वर्षं आधी बँकेच्या शिबिरात कोणीतरी तपासून "थोडी जास्त आहे" असं सांगितलं होतं. तो कागद मी घडी घालून ठेवून दिला होता. ही चूक माझीच होती, आणि तिची किंमत मला त्या अंगठ्याच्या रूपाने मोजावी लागली असती. वेळेवर जखम भरली, हे माझं नशीब.

डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं आणि "गोड बंद, भात कमी, ज्वारी खा" असं म्हणाले. बाहेर पन्नास माणसं बसलेली होती. त्यांनी तरी याहून जास्त काय सांगावं?

चालणं मी लगेच सुरू केलं. आमचं घर जुन्या शहरात, राजघाटापासून पायी पंधरा मिनिटांवर. पहाटे साडेपाचला निघालो की गल्लीगल्लीतून पॉवरलूमची खटखट ऐकू येते, रात्रपाळीचे कारागीर चहाच्या गाडीवर उभे असतात. शाही किल्ल्याच्या भिंतीखालून उतरलं की तापी. समोरच्या काठावर जैनाबाद, जिथल्या आहुखान्याच्या बागेत १६३१ मध्ये मुमताजमहलला आधी दफन केलं होतं. लहानपणी पोहायला जायचो त्या घाटावर मी नोकरीच्या काळात वर्षातून दोनदाही गेलो नव्हतो. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांत धाप लागायची. चपला घालून गेलो होतो, त्यांनी टाच सोलली. नातीने ते बघितलं आणि त्याच संध्याकाळी मला बाजारात नेऊन पुढून रुंद असलेले बूट घ्यायला लावले. पायाची जाणीव कमी झाली असेल तर खडा टोचलेलाही कळत नाही, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून रोज रात्री तळपाय आरशात बघतो.

महिन्याभरात चालणं पाऊण तासावर गेलं. चहातली साखर पूर्ण बंद केली. जलेबी बंद. आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रात्रीच्या तीन पोळ्यांच्या जागी ज्वारीच्या दोन भाकरी. दादर ज्वारी, आमच्या भागातली, सासुरवाडीहून आलेली. हिच्या हातची भाकरी तव्यावर टम्म फुगते, आणि ती खाताना मला वाटायचं, औषधच खातोय. घरी साखर मोजायचं यंत्र आणलं होतं. सकाळची उपाशीपोटी साखर उतरत होती, पण रात्रीच्या जेवणानंतरचा आकडा २४० च्या खाली येईना. एकदा तर २६१ आला. पोळ्या खात होतो तेव्हाही तेवढाच होता, किंबहुना थोडा कमीच. मी हताश झालो. हिलाही वाटलं, आता काहीच उपयोगाचं नाही.

नात त्या वेळी स्वयंपाकघरात उभी होती. तिने मला विचारलं, "आबा, बँकेत रक्कम जुळली नाही तर तुम्ही काय करायचात?"

"एकेक व्हाउचर पुन्हा बघायचो."

"मग आपण व्हाउचर कुठे बघितलंय?"

दुसऱ्या दिवशी तिने केक करण्यासाठी आणलेला वजनकाटा ओट्यावर ठेवला. आजीला सांगितलं, नेहमीसारखं पीठ घे, पण आधी इथे ठेव. एका पोळीला पीठ लागलं तीस ग्रॅम. एका भाकरीला ऐंशी. मी ते दोन आकडे बघतच राहिलो. तीन पोळ्या म्हणजे नव्वद ग्रॅम पीठ, दोन भाकरी म्हणजे एकशे साठ. गहू असो की ज्वारी, पिठाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश पिष्टमय पदार्थच असतो, म्हणजे पोटात जाऊन शेवटी साखर होणारा भाग. हिशेब केला तर पोळ्यांत तो साठ ग्रॅम होत होता, भाकऱ्यांत शंभराच्या वर. ज्वारी वाईट नव्हती, डॉक्टरांचा सल्लाही चुकीचा नव्हता. त्यांनी धान्य सांगितलं, वजन आम्ही कधी विचारलंच नाही. नगांची नोंद घेत होतो, रकमेची नाही. तीन नोटा आणि दोन नोटा एवढंच मोजलं, पण नोट कितीची हे बघितलं नव्हतं.

त्या दिवशीपासून एक वही झाली. डावीकडे काय खाल्लं, किती. उजवीकडे दोन आकडे. एक जेवायच्या आधीचा, दुसरा पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी. जेवण संपल्यापासून नव्हे, पहिल्या घासापासून. आधी यात आमचा रोज वीस-पंचवीस मिनिटांचा घोळ होत होता. यंत्राची एक पट्टी पंधरा-वीस रुपयांची, त्यामुळे दिवसभर टोचत बसणं परवडणारं नव्हतं. नातीने नियम घातला: एका आठवड्यात एकच जेवण धरायचं आणि त्यात एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला हे कळणार नाही. हा नियम ऐकून मला माझे जुने हेडकॅशियर आठवले.

पहिल्या आठवड्यात भाकरी एकच, पंचेचाळीस ग्रॅम पिठाची, पातळ थापलेली. पोट भरत नव्हतं हे खरं. दुसऱ्या आठवड्यात नियम जरा मोडला: भाकरी तीच, पण वरण पळीभराऐवजी मोठी वाटीभर, भाजी दुप्पट, आणि आधी काकडी-मुळा खाऊन मग भाकरीला हात लावायचा. आकडा १८४ वर आला. तिसऱ्या आठवड्यात हिने तिच्या माहेरची आठवण काढली. खानदेशात कळण्याची भाकरी करतात, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद घातले. तेवढ्याच वजनाची भाकरी, पण उडदातली प्रथिनं आणि चोथा यामुळे पोट उशिरापर्यंत भरलेलं राहायचं. दोन तासांनी १६८. वहीत नातीने त्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढलं.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. वजनकाटा ओट्यावर आला त्या दिवसापासून ही मनातून दुखावली होती. बेचाळीस वर्षं तिने मला जेवू घातलं, आणि आता तिच्या प्रत्येक घासावर आकडा लिहिला जात होता. एक दिवस तिने ताट ठेवताना म्हटलं, "म्हणजे माझ्या हातच्या जेवणानेच तुम्हाला हे झालं ना?" मी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मी गप्प बसलो. नातीने मात्र वही काढून तिच्यासमोर ठेवली आणि सांगितलं, आजी, हे बघ, सगळ्यात मोठी रक्कम इथे आहे. चहाची पाच खाती. दहा चमचे साखर तिने वजन करून लिहिली होती, बेचाळीस ग्रॅम, रोज, निदान तीस वर्षं. नोकरीतले ते सगळे चहा मी घराबाहेर प्यायलो होतो. ही बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. कळण्याची भाकरी तिने सुचवली ती या प्रसंगानंतर. तोपर्यंत तिला कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही दोघं तिच्या स्वयंपाकात तिच्यावाचून बदल करत होतो. घरात पथ्य सुरू करणाऱ्या प्रत्येक माणसाला मी हे आधी सांगेन, कारण माझ्याकडून ते राहिलं.

२०२४ च्या फेब्रुवारीत मला खरी भीती वाटली असा एकच प्रसंग घडला. दोन गोळ्यांपैकी एक ग्लिमेपिराइड होती. ती न्याहारीच्या वेळी घ्यायची होती. मला सवय अशी की उठल्याउठल्या सगळी कामं हातावेगळी करायची, म्हणून मी ती गोळी चालायला निघण्याआधीच घ्यायला लागलो. जेवण भरपूर होतं, साखर चढी होती, तोवर ते खपून गेलं. पण आता रात्रीचं खाणं कमी झालं होतं आणि चालणं वाढलं होतं. त्या दिवशी घाटावरून परत न फिरता मी पुढे नागझिरीकडे गेलो. परतताना घाम फुटला. थंडीची सकाळ होती, अंगात स्वेटर, आणि कपाळावरून घाम ओघळत होता. हात थरथरत होते, छाती धडधडत होती, आणि ओळखीची गल्ली कुठली ते क्षणभर समजेना. मला वाटलं, हृदयविकार. पॉवरलूमच्या कारागिरांसाठी चहा करणाऱ्या गाडीवाल्याने मला बाकावर बसवलं आणि विचारलं, "बाबूजी, शुगर है क्या?" मी मान हलवली. त्याने ग्लासात तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली. त्याच्या वडिलांना हे व्हायचं, असं त्याने नंतर सांगितलं. दहा-पंधरा मिनिटांत अंग स्थिर झालं. मुलगा न्यायला आला, घरी मोजली तेव्हा ७४ होती, म्हणजे साखर पिऊन पंचवीस मिनिटं झाल्यावर. आधी किती खाली गेली असेल कोण जाणे. सत्तरच्या खाली गेली की धोका.

डॉक्टरांनी सगळं ऐकून गोळीचा डोस निम्मा केला आणि ती चालून आल्यावर, न्याहारीच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायला सांगितली. ते म्हणाले, खाणं आणि चालणं बदललंत तर मला कळवा, गोळी जुन्या खाण्याच्या हिशेबाने दिलेली असते. हे वाक्य माझ्या मनात राहिलं. आम्ही वहीत जेवण लिहीत होतो, चालणं लिहीत होतो, पण गोळीचा रकाना आखलाच नव्हता. नातीने त्याच दिवशी तो आखला. खिशात आता साखरेची चार पुडकी असतात, आणि निघण्याआधी मी एक छोटी वाटी फुटाणे खातो. सगळ्याच गोळ्यांनी असं होत नाही. माझी दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, एकटी असती तर हे होण्याची शक्यता फारच कमी होती. आपली गोळी कुठल्या जातीची आहे हे विचारून घेतलं पाहिजे.

मे महिन्यात एका दुपारी साखर २९० आली. सकाळपासून वेगळं काहीच खाल्लं नव्हतं. बुऱ्हाणपूर केळीचा जिल्हा, घरी कधी घड नाही असं होत नाही. मी सगळ्यांसाठी केळी सोलून शिकरण करायला बसलो होतो, स्वतः एक फोडही खाल्ली नव्हती. हिचा चेहरा उतरला. मी गोळी जास्त घ्यावी का असा विचारही करून चुकलो. नातीने माझी बोटं हुंगली. "आबा, साबणाने हात धुऊन या." धुतले, पुसले, दुसऱ्या बोटाला टोचलं. १४६. बोटावर वाळलेला केळ्याचा रस त्या थेंबात मिसळला होता आणि यंत्राने तोच मोजला होता. हात नुसते पुसून किंवा स्पिरिटचा बोळा फिरवून हे खात्रीने जात नाही, पाण्याने धुवावेच लागतात. त्या २९० वर विसंबून मी जादा गोळी घेतली असती तर फेब्रुवारीतला प्रसंग पुन्हा आला असता. तेव्हापासून आकडा खाण्याशी विसंगत वाटला की आधी हात धुवायचे, मग पुन्हा मोजायचं, आणि मगच काळजी करायची.

केळं मी सोडलेलं नाही. अर्धं खातो, जेवणानंतर नव्हे तर चारच्या सुमारास, मूठभर शेंगदाण्यांबरोबर. सालीवर काळे ठिपके पडलेलं पूर्ण पिकलेलं केळं आणि नुकतं पिवळं झालेलं केळं यांत माझ्या वहीत दरवेळी वीसएक अंकांचा फरक दिसतो. पिकताना पिष्टाची साखर होते, ती चव जिभेलाही कळते.

पावसाळ्यात घाटाकडची वाट चिखलाची झाली, तापीला पाणी वाढलं आणि सकाळचं चालणं पंधरा दिवस बंद पडलं. मला वाटलं, सगळं केलेलं वाया जाणार. नातीने सुचवलं, रात्री जेवून गच्चीवर चाला, पंधराच मिनिटं. तिला अभ्यासातून सुट्टी हवी होती, म्हणून ती बरोबर यायची. जेवण तेच, भाकरी तेवढीच. दोन तासांनी १३८. मी विश्वास ठेवला नाही, आठवडाभर मोजलं. चाललो त्या रात्री १३५ ते १४५, बसलो त्या रात्री १६५ च्या आसपास. पाऊण तास सकाळी चालून रात्रीच्या त्या आकड्यावर जेवढा परिणाम झाला नव्हता तेवढा या पंधरा मिनिटांनी केला. जेवणातली साखर रक्तात येत असते, त्याच वेळी पायांचे स्नायू चालू असले तर ते ती ओढून घेतात, असं डॉक्टरांनी समजावलं. सकाळचं चालणं मी नंतर पुन्हा सुरू केलं. वजन पाच किलो उतरलं ते त्यानेच, आणि पहाटेची तापी मला आता सोडवत नाही. पण दोन्हींतलं एकच करता येणार असेल, तर साखरेसाठी मी रात्रीची पंधरा मिनिटं निवडेन.

एक आकडा मात्र अजून माझं ऐकत नाही. पहाटेची उपाशीपोटी साखर. रात्री झोपताना १२५ असते आणि काही न खाता सकाळी १३२. सुरुवातीला मी हिला विचारलंसुद्धा होतं, रात्री मी उठून काही खातो का म्हणून. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत असतं तेव्हा यकृत आपण होऊन साखर सोडतं, हे नंतर कळलं. त्यासाठी रात्रीचं जेवण आणखी कमी करायचा माझा हट्ट डॉक्टरांनी मोडून काढला. या वयात उपाशी राहून तो आकडा शंभरावर आणण्यापेक्षा १३० परवडला, असं त्यांचं म्हणणं. तीन महिन्यांची सरासरी ८.६ वरून आधी ७.४ आणि आता दोन तपासण्यांपासून ६.८ आहे. निम्मी गोळी अजून चालू आहे. ती कधी सुटेल की नाही माहीत नाही, आणि मी ते विचारणं थांबवलं आहे.

गेल्या रमजानमध्ये संध्याकाळी मित्राबरोबर बाजारातून येत होतो. कढईतून मावा जलेबी निघत होती, काळसर तपकिरी, तो वास सबंध रस्त्यावर पसरला होता. दीड वर्षात तोंडाला लावली नव्हती. एक घेतली, उभ्यानेच खाल्ली. घरी येऊन नातीला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने वेळ विचारली, बरोबर दोन तासांनी यंत्र हातात दिलं. २०७. तारीख टाकून तिने लिहिलं: मावा जलेबी, एक, वजन माहीत नाही. मग म्हणाली, "आबा, पुढच्या वेळी घरी घेऊन या. वजन करू, आणि आपण चौघं एकेक तुकडा खाऊ. मग गच्चीवर जाऊ."

जुलैमध्ये ती शिकायला इंदूरला गेली. जाताना तिसरी वही आखून दिली, गोळीच्या रकान्यासकट. आकडे आता ही लिहिते. तिचं अक्षर मोठं आहे, दोन ओळींत एक नोंद बसते, त्यामुळे वही लवकर भरते. मागच्या आठवड्यात मी पाहिलं, तिने शेवटी एक नवा रकाना स्वतःच आखला होता. तिची स्वतःची साखर. उपाशीपोटी ११८.